१५४ चौरस मीटर गच्ची आणि तीन डेटाशीट

नेरूळमधली सात मजल्यांची सोसायटी. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिने आणि पार्किंगमधले दिवे यांचं सामायिक बिल उतरवायला ३० किलोवॉटच्या आसपास सोलर बसवायचं कमिटीत ठरलं. पहिल्यांदा दोन कोटेशन आली. पहिल्यात ३३५ वॉटचे पॉलीक्रिस्टलाइन पॅनेल होते. दुसऱ्यात ५४० वॉटचे मोनो पर्क, हाफ-कट पॅनेल होते आणि भाव किलोवॉटमागे थोडा चढा होता. पॉलीवाल्याचं म्हणणं, "आपल्याकडचं ऊन कडक, मोनो तापला की पडतो, पॉली तग धरतो." मोनोवाल्याचं म्हणणं, "आमचा माल वीस टक्के जास्त वीज देतो." दोघांनीही पुरावा म्हणून डेटाशीटच जोडलं होतं.

खजिनदारांनी दोन्ही कागद समोर ठेवून एक तक्ता केला. कार्यक्षमता पॉलीची १७.३ टक्के, मोनोची २०.९. तापमान गुणांक, म्हणजे सेल एका अंशाने तापला की आकडा किती टक्के बदलतो ते, पॉलीचा उणे ०.४०, मोनोचा उणे ०.२७. त्यावरून हिशेब असा: मोनोची कार्यक्षमता २१ टक्के सरस, शिवाय भर उन्हातली बचत पाच टक्के, म्हणजे ३० किलोवॉट पॉलीने वर्षाला ४२,००० युनिट दिले तर ३० किलोवॉट मोनो साधारण ५३,००० देणार. बेरीज बरोबर, पण हिशेब दोन ठिकाणी चुकलेला. या दोन चुका इतक्या सर्रास होतात की प्रकरण त्यांच्यापासूनच उलगडायला हवं.

पहिली चूक कार्यक्षमतेची. डेटाशीटवरचा हा आकडा एकाच भागाकारातून येतो. पॅनेलचे वॉट घ्यायचे आणि त्याच्या क्षेत्रफळावर पडणाऱ्या उन्हाच्या वॉटने भागायचं. ऊन किती धरायचं ते ठरलेलं आहे, चौरस मीटरला १००० वॉट. ५४० वॉटचा पॅनेल २२७८ बाय ११३४ मिलिमीटरचा, म्हणजे २.५८ चौरस मीटर. त्यावर २५८३ वॉट ऊन पडतं आणि ५४० वॉट वीज निघते, म्हणून २०.९ टक्के. पॉलीचा पॅनेल १९५६ बाय ९९२, म्हणजे १.९४ चौरस मीटर, ३३५ वॉट, म्हणून १७.३ टक्के. कोणत्याही कोटेशनला हा भागाकार घरच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहावा. काही विक्रेते फ्रेम सोडून फक्त सेलच्या क्षेत्रफळाने भागतात आणि आकडा दीडदोन टक्क्यांनी फुगतो. लांबी-रुंदी कागदावरच छापलेली असते, त्यामुळे लपवाछपवीला वाव नाही.

आता यात काय नाही ते पाहा. क्षेत्रफळ भागाकारातच आलं, म्हणजे कार्यक्षमता सांगते फक्त एवढंच की ठरावीक वॉट मिळवायला जागा किती लागेल. एकदा "३० किलोवॉट" म्हटलं की कार्यक्षमतेचं काम संपलं. ३० किलोवॉट पॉली म्हणजे ९० पॅनेल आणि पावणेदोनशे चौरस मीटर काच. ३० किलोवॉट मोनो म्हणजे ५६ पॅनेल आणि १४५ चौरस मीटर काच. वीज दोघांची जवळपास सारखीच, कारण दोन्हीकडे किलोवॉट तेवढेच विकत घेतले आहेत. एक किलो तांदूळ मोठ्या डब्यात ठेवला काय आणि छोट्यात काय! खजिनदारांनी डब्याचा आकार एकदा किलोमध्ये धरला आणि मग पुन्हा वजनात मिळवला.

मोनोची कार्यक्षमता जास्त का, हे सेलकडे पाहिलं तरी कळतं. पॉलीचा सेल निळा, आणि त्यावर तिरक्या उन्हात पत्र्याच्या नक्षीसारखे तुकडे दिसतात. वितळलेलं सिलिकॉन साच्यात गोठवताना अनेक स्फटिक शेजारी-शेजारी वाढतात, त्यांच्या या सीमा. सुटलेले इलेक्ट्रॉन अशा सीमांवर अडकतात आणि बाहेर येण्याआधीच जिरतात. मोनोत पूर्ण कांडी एकाच स्फटिकाची ओढून काढलेली असते, म्हणून सेल एकसंध काळा. पर्कमध्ये सेलच्या पाठीमागे आणखी एक थर असतो. तो मागच्या बाजूची ही गळती रोखतो आणि आरपार जाऊ पाहणारा प्रकाश परत आत ढकलतो.

दुसरी चूक जास्त बारीक आहे, आणि ती खजिनदारांची एकट्याची नव्हे. डेटाशीटच्या तळाशी तापमानाच्या चौकटीत तीन गुणांक असतात. मोनोच्या कागदावर ते असे होते: Pmax, म्हणजे जास्तीत जास्त वॉट, उणे ०.३५ टक्के दर अंशाला; Voc, म्हणजे काही न जोडता मिळणारं व्होल्टेज, उणे ०.२७; Isc, म्हणजे शॉर्ट सर्किट करंट, अधिक ०.०५. पॉलीच्या कागदावर Pmax उणे ०.४०, Voc उणे ०.३१, Isc अधिक ०.०६. मोनोच्या विक्रेत्याने आपल्या तुलनेत स्वतःच्या पॅनेलचा Voc चा आकडा घेतला आणि समोरच्याचा Pmax चा, आणि खजिनदारांच्या तक्त्यात तेच उतरलं. मुद्दाम केलं की हात घसरला, यात शिरायचं कारण नाही. Pmax ची ओळ Pmax शीच ताडायची, एवढं पाळलं की पुरे. खरी तुलना ०.४० विरुद्ध ०.३५ अशी आहे. दर अंशाला वीसावा हिस्सा टक्क्याचा फरक.

तीन वेगळे आकडे कशासाठी, हेही इथे कळायला हवं. सेल तापला की करंट किंचित वाढतो, पण व्होल्टेज पडतं, प्रत्येक सेलमागे अंशाला साधारण दोन मिलिव्होल्ट. व्होल्टेजबरोबर करंट-व्होल्टेजच्या आलेखाचा खांदाही थोडा झुकतो, म्हणून वॉटची घसरण Voc पेक्षा जास्त निघते. यातूनच मोनो उन्हात सरस का तेही उलगडतं. मोनोच्या कागदावर Voc ४९.५ व्होल्ट आहे. १४४ अर्धे सेल म्हणजे ओळीत ७२, म्हणून प्रत्येकी ०.६९ व्होल्ट. पॉलीचा Voc ४६ व्होल्ट, सेलही ७२, प्रत्येकी ०.६४. दोघांचे दोन-दोन मिलिव्होल्टच गळतात, पण ज्याच्याकडे मुळात जास्त आहे त्याची टक्केवारी कमी भरते. "मोनो तापला की पडतो" हे पॉलीवाल्याचं म्हणणं त्याच्याच कागदाने खोटं पाडलं.

पण अंश मोजायचे कुठून? गुणांकाची सुरुवात २५ अंशांपासून होते, आणि ते २५ अंश सेलचं तापमान आहे, हवेचं नव्हे. डेटाशीटचा पहिला तक्ता ज्या STC वर बेतलेला असतो, त्यात ऊन १००० वॉट आणि सेल २५ अंश असा जोड असतो. कारखान्यात दिव्याच्या एका झपक्यात मोजणी होते, सेल तापायला वेळच मिळत नाही. नवी मुंबईच्या गच्चीवर असा क्षण वर्षात उगवत नाही. त्यासाठी दुसरा तक्ता पाहावा, त्यावर NOCT किंवा NMOT लिहिलेलं असतं: ऊन ८०० वॉट, हवा २० अंश, वारा सेकंदाला एक मीटर. अशा वेळी सेल किती तापतो, तो हा आकडा. बहुतेक पॅनेलचा ४३ ते ४५ अंश असतो. म्हणजे ८०० वॉट उन्हाला सेल हवेपेक्षा २३ ते २५ अंश जास्त गरम.

याच प्रमाणात एप्रिलची दुपार काढू. हवा ३३ अंश, ऊन ९०० वॉट. ८०० ला २५, तर ९०० ला २८. सेल ६१ अंशांवर, म्हणजे २५ पेक्षा ३६ अंश वर. पॉलीचे १४.४ टक्के गेले, मोनोचे १२.६. भर दुपारी, वर्षातल्या सर्वांत तापल्या दिवसांत, फरक पावणेदोन टक्के. पावसाळा, थंडीची सकाळ, संध्याकाळ सगळं धरून, ज्या वेळी वीज जास्त बनते त्या वेळचं सेलचं सरासरी तापमान ५० च्या आसपास घेतलं, तर घसरण पॉलीची १० टक्के आणि मोनोची पावणेनऊ. नवी मुंबईत नीट बसवलेला मोनो वर्षाला किलोवॉटमागे १४०० युनिटच्या आसपास देतो असं धरलं, तर पॉली त्याच जागी १३८० देईल. वीस युनिट. पॅनेल दोन महिने धुतले नाहीत तर यापेक्षा जास्त जातात, विशेषतः पाम बीच रस्त्याच्या बाजूला आणि बांधकाम चालू असलेल्या पट्ट्यात.

तर मग पॉली स्वस्त पडतो म्हणून घ्यायचा? इथे गच्ची मध्ये आली, आणि निकाल तिनेच लावला.

गच्ची एकूण २४ बाय १४ मीटर. त्यातून पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, जिन्याचा माथा, टाक्यांच्या उत्तरेला डिसेंबरात पडणारी लांब सावली आणि कठड्याकडेची चालवाट वगळली. उरला १४ बाय ११ मीटरचा सलग तुकडा, १५४ चौरस मीटर. या तुकड्यावर आठ अंशांच्या उतारावर उंच सांगाडा घ्यायचा होता, खालची कड २.१ मीटरवर आणि वरची साधारण ३.६ मीटरवर, म्हणजे खाली वाळवण आणि कपडे राहतील. मध्ये धुण्यासाठी ६० सेंटिमीटरची एक फट.

कागदावर पॅनेल मांडायचे ते फक्त क्षेत्रफळाच्या भागाकाराने नव्हे, ओळी मोजून. दोन पॅनेलमध्ये पकडीसाठी २० मिलिमीटर धरायचे. मोनो आडवे ठेवले तर १४ मीटरमध्ये ६ बसतात आणि ११ मीटरमध्ये, फट सोडून, ९ ओळी: एकूण ५४. उभे ठेवले असते तर ४ ओळी आणि १२ रांगा, ४८ च. नुसतं फिरवल्याने सहा पॅनेल, सव्वातीन किलोवॉटचा फरक पडला. पॉली आडवे ठेवून ७ गुणिले १०, म्हणजे ७०, उभे ठेवून ६५. ५४ मोनो म्हणजे २९.१६ किलोवॉट. ७० पॉली म्हणजे २३.४५.

आता खरा हिशेब मांडता येतो. मोनो: २९.१६ गुणिले १४००, वर्षाला सुमारे ४०,८०० युनिट. पॉली: २३.४५ गुणिले १३८०, सुमारे ३२,४००. फरक ८,४०० युनिटचा. त्यातले ८,००० च्या आसपास जागेमुळे, म्हणजे कार्यक्षमतेमुळे. तापमान गुणांकाचा वाटा साडेचारशे-पावणेपाचशे. विक्रेत्यांच्या भांडणात उन्हाची चर्चा तासभर चालली होती आणि तिचा हिस्सा वीसातला एक निघाला. शिवाय सांगाडा चौरस मीटरच्या हिशेबाने लागतो. जागा तेवढीच, लोखंड तेवढंच, पण पॉलीत ते लोखंड कमी किलोवॉट वाहणार. कोटेशनमधली पॅनेलची स्वस्ताई इथे बरीचशी खर्ची पडते.

हीच सोसायटी बैठ्या रो-हाउसची असती आणि शेजारी मोकळं मैदान असतं, तर हिशेब वेगळा झाला असता. जागेला तोटा नसेल तर कार्यक्षमतेला जास्तीचे पैसे मोजायचं कारण उरत नाही, किलोवॉटचा भाव आणि ते वीस युनिट एवढंच पाहायचं. पण ठाणे-नवी मुंबईत गच्ची नेहमी कमीच पडते.

पॉलीचा विषय मात्र त्याआधीच एका वेगळ्या कारणाने बंद होत होता. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मंजूर पॅनेलच्या यादीत, म्हणजे एएलएमएममध्ये, २०२३ साली किमान कार्यक्षमतेची अट घातली. छतावरच्या प्रकल्पांसाठी ती तेव्हा १९.५ टक्के ठरली. १७.३ टक्क्यांचा पॉली त्यात बसत नाही, आणि नेट मीटरिंगच्या अर्जात पॅनेल यादीतला असावा लागतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. त्यासाठी पॅनेलमधले सेलही देशात बनलेले, म्हणजे डीसीआर, असावे लागतात. पॉलीवाल्याकडचा माल डीसीआर होता, हे त्याने ठळक अक्षरात लिहिलं होतं. यादीचं मात्र लिहिलं नव्हतं. पॉली आजही स्वस्तात मिळतो तो बहुतेक गोदामात उरलेला माल म्हणून. पंचवीस वर्षांच्या हमीची किंमत अशा मालात काय, ते बदलीचा पॅनेल मागताना कळतं: १९५६ मिलिमीटरचा, ९ अँपिअरचा पॅनेल तेव्हा कोण देणार?

मग तिसरं कोटेशन आलं, टॉपकॉनचं. हाही मोनोच, सेल पुढच्या पिढीचे. आकारमान तेच २२७८ बाय ११३४, पण ५७५ वॉट, २२.३ टक्के, Pmax गुणांक उणे ०.३०. त्याच ५४ जागांवर ३१.०५ किलोवॉट, आणि गुणांकामुळे आणखी टक्का-सव्वा टक्का वीज. कागदावर तिघांत हाच सरस. पण देऊ केलेला माल डीसीआर नव्हता. अनुदान सोडलं असतं तर सव्वापाच लाख गेले असते, आणि जास्तीची वीज होती वर्षाला सुमारे सव्वातीन हजार युनिट. कमिटीने ५४० वॉटचा डीसीआर मोनो घेतला. टॉपकॉन पॅनेल डीसीआरमध्ये रास्त भावात मिळत असते, तर ते सोडण्याचं कारण नव्हतं.

पॅनेल बदलला की त्यांची डीसी वीज एसी करणारा इन्व्हर्टर पुन्हा तपासावा लागतो. तापमानाचा दुसरा गुणांक, Voc चा, इथे कामाला येतो. एकामागे एक जोडलेल्या १८ पॅनेलची एक, अशा तीन स्ट्रिंग ठरल्या. १८ गुणिले ४९.५ म्हणजे ८९१ व्होल्ट. थंडीत पहाटे सेल १२ अंशांवर असेल तर १३ अंशांचे साडेतीन टक्के वाढतात: ९२२ व्होल्ट. इन्व्हर्टरची मर्यादा ११०० ची, म्हणून चालतं. आपल्याकडे थंडी बेताचीच, त्यामुळे ही बाजू सहसा अडत नाही. अडतो तो करंट. पॉली ९ अँपिअरचा, तर या मोनोचा चालू करंट १३ च्या आसपास आणि Isc १३.८५. जुन्या आखणीचे काही इन्व्हर्टर एका इनपुटला १२.५ अँपिअरपर्यंतच घेतात. असा इन्व्हर्टर लावला तर भर दुपारी करंट तिथेच छाटला जातो, आणि हमीच्या अटीही मोडू शकतात. म्हणून इन्व्हर्टरच्या कागदावर इनपुट करंटच्या दोन्ही ओळी, चालू आणि शॉर्ट सर्किटच्या, पाहून घेतल्या.

माल उतरला तेव्हा प्रत्येक पॅनेलच्या पाठीवरचं स्टिकर पाहिलं गेलं. त्यावर Pmax, Voc, Isc आणि क्रमांक असतो. हाच क्रमांक कारखान्याच्या फ्लॅश टेस्टच्या यादीत शोधायचा. यादीत ५४० च्या खालचा एकही आकडा नसावा, कारण कोटेशनमध्ये "उणे शून्य, अधिक पाच वॉट" असं लिहिलेलं होतं. गुणांक स्टिकरवर सहसा नसतो, तो मॉडेलच्या डेटाशीटमधूनच घ्यावा लागतो. म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवायचं. एका अक्षराच्या फरकाने वेगळा सेल येऊ शकतो.

सांगाड्याबद्दल एक गोष्ट बैठकीत कुणीच काढली नव्हती. शेजारच्या इमारतीत गच्चीवर पत्र्याची शेड आहे आणि पॅनेल पत्र्याला जवळजवळ टेकलेले, जेमतेम बोटभर उंच. खालून वारा खेळत नाही, पत्रा स्वतः तापतो, आणि सेल सहज आठ-दहा अंश जास्त चढतो. दहा अंश म्हणजे मोनोचे साडेतीन टक्के. मोनो-पॉलीतल्या गुणांकाच्या फरकाच्या दुप्पट-तिप्पट नुकसान त्या फटीत होतं. उंच सांगाडा वाळवणासाठी घेतला होता, पण फायदा विजेचाही झाला.

एप्रिलमध्ये एका सभासदांनी मोबाइलवरच्या अॅपचा फोटो ग्रुपवर टाकला: दुपारी साडेबारा, इन्व्हर्टर २१.६ किलोवॉट. "२९ किलोवॉटचे पैसे दिले, साडेसात कुठे गेले?" प्रश्न रास्त होता, आणि उत्तर डेटाशीटमध्येच होतं. २९.१६ ला आधी ऊन लावायचं: ९०० वॉट, म्हणून गुणिले ०.९, म्हणजे २६.२४. मग तापमान: १२.६ टक्के वजा, २२.९. मग धुळीचे तीन टक्के आणि इन्व्हर्टर-केबलचे तीन टक्के, राहिले २१.६. याहून फार कमी, समजा १८ दाखवला असता, तर एखादी स्ट्रिंग बंद, सावली किंवा ढिला कनेक्टर शोधावा लागला असता. तपासायला तिन्ही स्ट्रिंगचे करंट अॅपवरच वेगवेगळे दिसतात. त्या दिवशी ते ११.४, ११.५ आणि ११.४ अँपिअर होते. वॉचमनने इन्फ्रारेड थर्मामीटर पॅनेलच्या पाठीवर धरला, मधल्या ओळीत, फ्रेमपासून दूर. ५९ अंश. पाठ सेलपेक्षा दोन-तीन अंश थंड असते, म्हणजे आत ६१-६२.